मार्केट प्रोफाइल वाचताना या चुका टाळा: चुकीचं घड्याळ, घाईचा ब्रेकआउट आणि अर्धवट सिंगल प्रिंट

निफ्टी फ्युचरची प्रोफाइल नुकतीच वापरायला लागलेला ट्रेडर पावणेबाराच्या आसपास हमखास एक प्रश्न विचारतो. "वर ऐंशी पॉइंटची सिंगल प्रिंट दिसतेय, भाव परत तिथे आला की घेऊ का?" सव्वाबाराला पाहावं तर त्या ऐंशीतले तीस पॉइंट गेलेले असतात, आणि ज्या कडेवर ऑर्डर लावायची होती ती कड आता दुसरीकडेच असते. चार्ट बिघडलेला नसतो आणि भावही काही वेगळं वागलेला नसतो. प्रश्न विचारला तेव्हा ती सिंगल प्रिंट, म्हणजे भाव एकाच अर्ध्या तासात येऊन गेलेली जागा, तयारच झालेली नव्हती.

या चार्टवर होणाऱ्या बहुतेक चुका अशाच असतात. कॅन्डलच्या चार्टवर नजर भावावर असते आणि वेळ आपोआप पुढे सरकते. प्रोफाइलमध्ये वेळच अक्षरांच्या रूपात मांडलेली असते. ती चुकीच्या ठिकाणाहून मोजली, किंवा अर्धा तास संपायच्या आधीच वाचली, तर चार्ट सांगतो ते खरं नसतं.

अक्षर नेमकं काय सांगतं

शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमधले ट्रेडर पीटर स्टाइडलमायर यांनी १९८० च्या दशकात ही मांडणी पुढे आणली. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक अक्षर द्यायचं. त्या अर्ध्या तासात भाव ज्या ज्या किमतीला जाऊन आला, त्या प्रत्येक किमतीच्या ओळीत ते अक्षर एकदा लिहायचं. या अक्षराला टीपीओ म्हणतात. निफ्टीसाठी ९:१५ ते ९:४५ हे A, ९:४५ ते १०:१५ हे B, असं करत २:४५ ते ३:१५ हे L. शेवटचं M मात्र ३:१५ ते ३:३० असं पंधराच मिनिटांचं असतं, कारण आपला बाजार सव्वासहा तास चालतो.

"एकदा" हा शब्द पक्का लक्षात ठेवा. भाव एखाद्या ओळीत अर्ध्या तासात वीस वेळा आला तरी तिथे अक्षर एकच पडतं. तिथे एक लॉट विकला गेला की हजार, हेही अक्षराला कळत नाही. म्हणून लांब ओळ दिसली की "इथे भरपूर व्हॉल्यूम आहे" असं म्हणणं बरोबर नाही. तिथे भाव जास्त अर्धे तास येत राहिला, एवढंच ती ओळ सांगते. व्हॉल्यूम पाहायचा असेल तर व्हॉल्यूम प्रोफाइल लावा, तो वेगळा चार्ट आहे.

पुढचं सगळं एका दिवसावर समजावतो. हा दिवस मी उदाहरणासाठी रचलेला आहे, त्यामुळे आकडे कुठल्या तारखेचे नाहीत. प्रत्येक ओळ १० पॉइंटची आहे आणि डावीकडे त्या ओळीची खालची कड दिली आहे. म्हणजे 24900 ची ओळ २४,९०० पासून २४,९१० च्या आतपर्यंत.

```
25020  M
25010  M
25000  FHLM
24990  FGHKLM
24980  FGHIKLM
24970  EFGHIJKLM
24960  EFGHIJKL
24950  EFIJK
24940  EJ
24930  EJ
24920  EJ
24910  E
24900  E
24890  CE
24880  ACE
24870  ACDE
24860  ACDE
24850  ABCD
24840  ABCD
24830  ABC
24820  ABC
24810  B
24800  B
```

इथे दोन फुगीर भाग दिसतात, एक खाली २४,८५० च्या आसपास आणि एक वर २४,९७० च्या आसपास. मध्ये बारीक कंबर आहे. अशा दिवसाला डबल डिस्ट्रिब्युशन म्हणतात. हा आकार दिवस संपल्यावर स्पष्ट दिसतो. सकाळी अकराला तो कुणालाच दिसत नव्हता, हे पुढे वाचताना विसरू नका.

चूक पहिली: पंधरा मिनिटं आधी सुरू होणारं घड्याळ

ही चूक सर्वांत कमी लोक तपासतात, आणि माझ्या मते नवशिक्याचं सर्वांत जास्त नुकसान हीच करते. अर्ध्या तासाचे तुकडे पाडताना अनेक सॉफ्टवेअर घड्याळातला पूर्ण तास आणि अर्धा तास धरतात. अमेरिकेतला शेअर बाजार साडेनऊला उघडतो, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. आपला उघडतो सव्वानऊला. मग सॉफ्टवेअर A धरतं ९:०० ते ९:३०, B धरतं ९:३० ते १०:००. प्रत्यक्षात A मध्ये फक्त पंधरा मिनिटांचे सौदे येतात.

गंमत अशी की अक्षरं मोजून ही चूक सापडत नाही. सव्वानऊपासून मोजलं तर बारा पूर्ण अक्षरं आणि शेवटी अर्धं M, एकूण तेरा. नऊपासून मोजलं तरी नऊ ते साडेतीन म्हणजे सहा तास तीस मिनिटं, तिथेही तेराच. दोन्हीकडे शेवटचं अक्षर M. म्हणून चार्ट पाहताना शंकाच येत नाही.

आता याने काय होतं ते आपल्या दिवसावर पाहा. समजा दहा वाजेपर्यंत दिवसाचा नीचांक २४,८२१ होता आणि १०:०७ ला भाव २४,८०३ पर्यंत उतरून लगेच वर आला. घड्याळ बरोबर असेल तर १०:०७ ही वेळ B मध्ये येते. म्हणजे २४,८०३ हा पहिल्या तासाच्या रेंजचाच तळ ठरतो, तिथे काहीही तुटलेलं नाही. घड्याळ चुकलेलं असेल तर हीच वेळ C मध्ये जाते. पहिल्या दोन अक्षरांचा तळ २४,८२१ दिसतो आणि C तो अठरा पॉइंटने तोडताना दिसतं. नवा ट्रेडर तिथे विकतो. तो दिवसाचा तळ असतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. बाजार चालू असताना पाहा की B हे अक्षर ९:४५ ला उमटतं की ९:३० ला. बाजार बंद असेल तर पाच मिनिटांच्या कॅन्डलचा चार्ट शेजारी लावा. पहिल्या सहा कॅन्डलचा उच्चांक आणि नीचांक म्हणजे A ची रेंज, पहिल्या बारा कॅन्डलचा म्हणजे A आणि B मिळून. प्रोफाइलवरच्या रेंजशी हे जुळलं पाहिजे. इथे तीस मिनिटांची कॅन्डल वापरू नका, कारण तीही त्याच चुकीच्या घड्याळावर बनलेली असू शकते आणि मग दोन्ही चार्ट एकमेकांशी छान जुळतात.

सेटिंगमध्ये सेशनची सुरुवात ०९:१५ आणि शेवट १५:३० असा हाताने भरा, टाइम झोन भारताचा ठेवा. निफ्टी स्पॉटवर प्रोफाइल काढत असाल तर ९:०० ते ९:१५ या प्री-ओपनमधला भाव A मध्ये धरला जात नाही ना, तेही पाहून घ्या. कमोडिटीवाल्यांसाठी प्रश्न जरा वेगळा आहे. एमसीएक्सवर क्रूड सकाळी नऊपासून रात्री उशिरापर्यंत चालतं, A ते Z अक्षरं संपून पुढची लहान अक्षरं सुरू होतात, आणि सकाळच्या पहिल्या तासाला तिथे फारसा अर्थ उरत नाही. खरा सौदा अमेरिका जागी झाल्यावर होतो. त्यांनी संध्याकाळच्या सेशनची प्रोफाइल वेगळी काढावी हे बरं.

चूक दुसरी: इनिशियल बॅलन्स तुटला की लगेच उडी

A आणि B मिळून जी रेंज बनते तिला इनिशियल बॅलन्स म्हणतात, बोलताना आयबी. आपल्या दिवशी A चा उच्चांक २४,८८६ आणि B चा नीचांक २४,८०३, म्हणजे आयबी ८३ पॉइंटची.

पहिलाच तास का, याचं कारण शिकागोच्या पिटमध्ये आहे. तिथे सकाळी जे स्थानिक ट्रेडर उभे असत ते दिवसभरात माल घेऊन विकून मोकळे होणारे लोक होते. पहिल्या तासात ते अशी एक रेंज शोधत, जिच्यात खरेदी आणि विक्री दोन्ही आरामात होईल. मोठे, लांबचा विचार करणारे लोक नंतर आले आणि त्यांना तो भाव स्वस्त किंवा महाग वाटला, तरच ती रेंज एका बाजूने ओढली जायची. याला रेंज एक्स्टेन्शन म्हणतात. म्हणजे आयबी तुटणं महत्त्वाचं नसून, तिच्या बाहेर कुणी थांबायला तयार आहे का हे महत्त्वाचं आहे.

ओपनिंग रेंज ब्रेकआउटची सवय असलेला ट्रेडर इथेच फसतो. आपल्या दिवशी C मध्ये भाव २४,८९३ पर्यंत गेला, आयबीच्या सात पॉइंट वर. चार्टवर 24890 च्या ओळीत C उमटलं. ब्रेकआउटवाल्याने २४,८९० ला घेतलं. अर्धा तास संपताना C बंद झालं २४,८५१ ला, आणि पुढचा अख्खा D २४,८४० ते २४,८८० मध्ये फिरत राहिला. त्या सात पॉइंटच्या वर कुणीही थांबलं नाही. E आल्यावर भाव वर गेला खरा, पण तोपर्यंत चाळीस पॉइंटच्या स्टॉपवाला बाहेर पडलेला होता.

आता E शी तुलना करा. ११:१५ ला सुरू झालेलं E आयबीच्या वरच्या कडेपासून जवळजवळ नव्वद पॉइंट वर, २४,९७५ पर्यंत गेलं. त्याहून महत्त्वाचं, पुढचं F पूर्ण अर्धा तास वरच राहिलं, त्याचा नीचांक २४,९५२. आयबीच्या बाहेर एक संपूर्ण अक्षर बनलं. C आणि E मधला फरक हा आहे, आणि तो ओळखायची कसोटी अगदी सोपी आहे. ज्या अक्षराने आयबी तोडली ते आयबीच्या बाहेर बंद झालं का, आणि पुढचं अक्षर बाहेरच बनतंय का, एवढं पाहायचं.

या कसोटीची किंमत मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. F पूर्ण होईपर्यंत थांबलेल्याला खरेदी २४,९७० च्या आसपास करावी लागते, म्हणजे आयबीच्या कडेपेक्षा ऐंशीहून जास्त पॉइंट उशिरा. तिथून स्टॉप कुठे लावायचा हा प्रश्न उरतोच. म्हणून माझा कल असा, की कसोटी पूर्ण झाल्यावर लगेच बाजारभावाने घ्यायचं नाही, भाव परत खाली यायची वाट पाहायची. परत येण्याची जागा सिंगल प्रिंट ठरवते, ते पुढे येईलच. काही दिवस भाव परत येत नाही आणि अक्षरं सरळ वर चढत जातात. त्या ट्रेंड डेला या पद्धतीने हाती काही लागत नाही. ही मर्यादा मान्य करूनच ही पद्धत वापरावी.

आयबीबाबत आणखी एक गोष्ट नेहमी चुकते. "साठ पॉइंटच्या आतली आयबी अरुंद, दीडशेच्या वर रुंद" असे ठरीव आकडे लोक वहीत लिहून ठेवतात. निफ्टी दहा हजारावर असताना साठ पॉइंट आणि पंचवीस हजारावर असताना साठ पॉइंट ही एकच गोष्ट नाही. अरुंद की रुंद हे मागच्या वीसेक दिवसांच्या आयबीशी ताडून ठरवा. ते वीस आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, सरासरी नको, कारण एका वेड्यावाकड्या दिवसाने सरासरी हलते. दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग त्यातून वगळा. तो तासाभराचाच खेळ असतो आणि दिवस म्हणजेच आयबी होऊन बसते.

अरुंद आयबी सहज तुटते म्हणून तिचं महत्त्व. पण ती अरुंद का आहे हे आधी बघा. अर्थसंकल्पाच्या दिवशी अर्थमंत्र्यांचं भाषण अकराला सुरू होतं, म्हणजे D च्या मध्यावर. त्याआधी सगळे हात बांधून बसलेले असतात. तिथली अरुंद आयबी हा खरेदीदार आणि विक्रेत्यांमधला समतोल नसून नुसती वाट पाहणं असतं. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सहसा सकाळी दहाला जाहीर होतं, ते थेट B मध्ये पडतं. त्या दिवशी आयबी रुंद दिसली तर त्यात बातमीचा धक्का मिसळलेला असतो. अशा दिवशी आयबीवरून दिवसाचा प्रकार ठरवायला मी सांगणार नाही.

चूक तिसरी: अर्धवट सिंगल प्रिंटवर ऑर्डर

आता सुरुवातीच्या त्या ऐंशी पॉइंटकडे वळू. ज्या ओळीत फक्त एकच अक्षर आहे ती सिंगल प्रिंट. भाव तिथून एकाच अर्ध्या तासात निघून गेला आणि आधी किंवा नंतरच्या कुठल्याच अर्ध्या तासात तिथे फिरकला नाही, असा तिचा अर्थ. कुणाला तरी घाई होती. आपल्या दिवशी खरेदीदाराला.

पण E चालू असताना स्क्रीनवर काय दिसतं ते क्रमाने पाहा. ११:४० ला E चा उच्चांक २४,९७५ झालेला आहे. C ची सर्वांत वरची ओळ 24890 ची, त्यामुळे 24900 पासून 24970 पर्यंतच्या आठ ओळींत एकटं E दिसतं. हेच ते ऐंशी पॉइंट. चालू असलेल्या अक्षराने नव्या जागेत टाकलेला प्रत्येक ठसा एकटाच असणार, कारण पुढचं अक्षर अजून जन्मालाच आलेलं नाही. ११:४५ ला F सुरू होतं. ते २४,९५२ पर्यंत खाली येतं आणि वर जातं. 24950, 24960 आणि 24970 या तीन ओळींत E शेजारी F बसतं. १२:१५ ला F संपतं तेव्हा एकट्या E च्या पाच ओळी उरतात, 24900 ते 24940. खरी सिंगल प्रिंट ही, २४,९०० ते २४,९५० अशी पन्नास पॉइंटची, आणि तिचा जन्म १२:१५ चा.

या फरकाने हातात काय पडतं ते मोजून बघा. ११:४० ला रेघ मारलेला ट्रेडर वरच्या कडेजवळ, समजा २४,९७५ ला, खरेदीची ऑर्डर लावतो आणि स्टॉप सिंगल प्रिंटच्या खाली २४,८९५ ला ठेवतो. जोखीम ऐंशी पॉइंटची. १२:१५ नंतर रेघ मारलेला २४,९५० ला ऑर्डर लावतो, स्टॉप तोच. जोखीम पंचावन्न. दुपारी J मध्ये भाव २४,९२१ पर्यंत उतरला. पहिल्याला तिथे चौपन्न पॉइंट उलटे दिसतात आणि बहुतेक जण अशा वेळी स्टॉप लागायच्या आधीच घाबरून बाहेर पडतात. दुसऱ्याला एकोणतीस पॉइंट उलटे दिसतात. दिवसाचा उच्चांक पुढे M मध्ये २५,०२४ झाला.

J ने सिंगल प्रिंटमध्ये शिरणं ही वाईट खूण आहे का? लगेच नाही. J ने पाचपैकी तीन ओळी भरल्या, पण K चा नीचांक २४,९५३. म्हणजे एकच अक्षर आत आलं आणि बाहेर पडलं, आत बस्तान मांडलं नाही. सकाळच्या घाईतल्या खरेदीदाराची बाजू अजून शाबूत आहे. याउलट J नंतर K सुद्धा २४,९०५ ते २४,९४० मध्येच फिरलं असतं, तर तिथे दोन अक्षरं शेजारी शेजारी बसली असती आणि ती जागा साधी, सौदे होणारी जागा झाली असती. तेव्हा २४,८९५ चा स्टॉप लागायची वाट न पाहता बाहेर पडणं बरोबर. ज्या कारणासाठी खरेदी केली ते कारणच तोवर संपलेलं असतं.

इथे सॉफ्टवेअरचाही एक घोळ असतो. सिंगल प्रिंटचा पट्टा रंगवून दाखवणारी काही साधनं भावाने पहिला स्पर्श करताच पूर्ण पट्टा पुसतात, काही जेवढा भरला तेवढाच कमी करतात, आणि काही दिवस संपेपर्यंत तसाच ठेवतात. J नंतर आपला पट्टा २४,९०० ते २४,९२० एवढा उरायला हवा. तुमच्या चार्टवर तो पूर्ण गेला असेल किंवा पन्नास पॉइंटचाच दिसत असेल, तर सेटिंग शोधा किंवा सरळ अक्षरं वाचून हाताने रेघ मारा. मला हाताने मारलेली रेघच जास्त भरवशाची वाटते, कारण ती मारताना १२:१५ वाजले का हे पाहावं लागतं.

ओळीची उंची बदलली की सिंगल प्रिंटही बदलते

"माझ्या चार्टवर तर ठिकठिकाणी सिंगल प्रिंट दिसतात" अशी तक्रार आली की आधी ओळ किती पॉइंटची ठेवली आहे ते विचारावं. निफ्टीवर एक पॉइंटची किंवा त्याहून लहान ओळ ठेवली तर वेगाने जाणारा भाव मधल्या कित्येक किमती ओलांडून उडी मारतो. मग कुठे रिकाम्या ओळी, कुठे एकटं अक्षर, असा चाळणीसारखा चार्ट तयार होतो. त्यातल्या बहुतेक सिंगल प्रिंटना काही अर्थ नसतो. उलट टोकाला, पन्नास पॉइंटची ओळ ठेवा आणि आपला दिवस परत काढा. २४,९०० ते २४,९५० ही सगळी एकच ओळ होते. तिच्यात E आहे आणि J पण आहे. सिंगल प्रिंट गायब.

दिवसभराच्या रेंजमध्ये वीस ते चाळीस ओळी बसतील एवढी उंची मला सोयीची वाटते. आपल्या उदाहरणात तेवीस आहेत. एकदा ठरवलं की महिनाभर तरी बदलू नका. आणि ऑटो हा पर्याय बंद ठेवा. तो चालू असला की रेंज वाढेल तशी ओळीची उंची आपोआप बदलते, आणि काल मारलेली रेघ आज कुठल्याच ओळीशी जुळत नाही. मग ट्रेडरला वाटतं डेटा खराब आहे.

टोकाची सिंगल प्रिंट आणि मधली सिंगल प्रिंट

प्रोफाइलच्या तळाशी 24800 आणि 24810 मध्ये एकटं B आहे. माथ्यावर 25010 आणि 25020 मध्ये एकटं M आहे. टोकाला असलेल्या अशा सिंगल प्रिंटला टेल म्हणतात, आणि निदान दोन ओळी असल्याशिवाय तिला टेल म्हणत नाहीत. मधली सिंगल प्रिंट सांगते की भाव घाईने पुढे गेला. टोकाची टेल सांगते की भावाला तिथून हाकललं.

दिसायला दोन्ही टेल सारख्या आहेत, पण वजन सारखं नाही. B ची टेल १०:४५ ला पक्की झाली, कारण C पूर्ण अर्धा तास चाललं आणि तरी खाली गेलं नाही. खालचा भाव मिळत असताना लोकांनी तो सोडला नाही, उचलून घेतला. M च्या बाबतीत पुढचं अक्षरच नाही. ते पंधरा मिनिटांचं, त्यात अनेक ब्रोकरांकडे इंट्राडे पोझिशन आपोआप कापल्या जायची वेळ त्याच सुमाराची. २५,०२४ वरून कुणी भाव हाकलला की घंटा झाली म्हणून तो थांबला, हे त्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून M च्या टेलवरून "वर विक्रेते आहेत" असं धरून दुसऱ्या दिवशीची मंदी आखू नका. ती टेल खरी की खोटी हे दुसऱ्या दिवशीचं A सांगेल.

दुसऱ्या दिवशी काय ठेवायचं, काय पुसायचं

आपल्या दिवसाने मागे ठेवलेली कामाची जागा म्हणजे २४,९०० ते २४,९२० ही न भरलेली सिंगल प्रिंट. ही लेव्हल फ्युचरच्या चार्टवरची आहे. स्पॉट आणि फ्युचर यांच्यात जो फरक असतो तेवढी ती स्पॉटवर वेगळी पडते, म्हणून एका चार्टवरची लेव्हल दुसऱ्यावर वापरू नका. एक्स्पायरीनंतर कॉन्ट्रॅक्ट बदलला की जुन्या महिन्याच्या रेघांत फरकाचे पॉइंट मिळवत बसण्यापेक्षा नव्या कॉन्ट्रॅक्टच्या मागच्या काही दिवसांची प्रोफाइल परत काढणं सोपं. पण नव्या महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक्स्पायरीच्या बऱ्याच आधीच्या दिवशी सौदे कमी असतात, तिथल्या सिंगल प्रिंट नुसत्या विरळ सौद्यांमुळेही पडतात. त्या सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी बाजार २५,०८० ला उघडला आणि वरच राहिला तर ही रेघ तशीच ठेवा, आज तिचं काम नाही. २४,९४० ला उघडून A मध्ये २४,९१२ पर्यंत येऊन परतला, आणि B त्याच्या वर राहिलं, तर कालच्या खरेदीदाराने तिथे परत हजेरी लावली असं वाचता येतं. पण इथेही B पूर्ण व्हायला, म्हणजे १०:१५ व्हायला हवेत. आणि A ने तो पट्टा पार करून २४,८८० च्या खाली जागा केली, B सुद्धा तिथेच बनलं, तर ती रेघ त्याच क्षणी पुसा. मग भाव कालच्या खालच्या फुगीर भागात परत गेलेला असतो, आणि पाहायची जागा म्हणजे 24840 ते 24870 या चार ओळी, जिथे काल सकाळी चार-चार अक्षरं शेजारी बसली होती.